फोटो आला, प्रश्न नाही: पाळीव प्राण्याच्या फोटोला आनंदाची पोच कशी द्यावी?

फोटोखाली एक अक्षरही लिहिलेलं नाही. पाठवणाऱ्याला नक्की काय हवं असतं?

पोच हवी असते. फोटो मिळाला, तुम्ही तो पाहिला, आणि त्यांना जे पाहून हसू आलं ते पाहून तुम्हालाही आलं, एवढं त्यांना कळायला हवं. मांजर गादीवर उताणं पडलेलं असतं, खिडकीतून त्याच्या पोटावर ऊन आलेलं असतं, आणि ते पाहणारं घरात दुसरं कुणी नसतं. अशा वेळी हात आपोआप फोनकडे जातो. तो क्षण एकट्याने पाहून संपवायचा नसतो, म्हणून फोटो काढला जातो आणि ज्याला दाखवावासा वाटला त्याला पाठवला जातो.

चांगली गोष्ट सांगितल्यावर समोरचा काय म्हणतो, यावर मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात प्रतिसादाचे चार प्रकार मांडले आहेत. पहिल्यात माणूस उत्साहाने त्यात भाग घेतो. दुसऱ्यात बरं वाटल्याचं थोडक्यात सांगून थांबतो. तिसऱ्यात लक्ष न देता विषय बदलतो आणि चौथ्यात त्या आनंदातली खोट काढतो. जोडप्यांच्या पाहणीत पहिल्या प्रकारचा प्रतिसाद मिळणारी माणसं आपल्या नात्यात अधिक समाधानी आढळली. ते काम माणसांनी एकमेकांना दिलेल्या आनंदाच्या बातम्यांबद्दल होतं, प्राण्यांच्या फोटोंबद्दल नव्हतं. पण हे चारही प्रकार फोटोखालच्या उत्तरांत मला रोज दिसतात. “अगं, हा पाय कुठे अडकवलाय त्याने!” हा पहिला. “छान” हा दुसरा. “बरं, उद्या किती वाजता भेटायचं?” हा तिसरा. आणि “फारच लठ्ठ झालाय” हा चौथा.

मग लिहायचं काय? मला सुचतच नाही.

सुचत नाही, कारण आपण फोटो पाहायच्या आधीच शब्द शोधायला लागतो. आधी फोटो मोठा करून पाहा. पाच-सहा सेकंद पुरतात. मग त्यातली एकच गोष्ट उचला, जी फक्त या फोटोत आहे आणि दुसऱ्या कुठल्याही मांजराच्या फोटोखाली चालणार नाही. तिचं नाव घ्या आणि ती पाहून तुम्हाला काय वाटलं ते सांगा. पोच द्यायला एवढंच लागतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते. माझ्या मावशीने एका संध्याकाळी तिच्या बोक्याचा फोटो पाठवला. घड्या करून ठेवलेल्या कपड्यांच्या ढिगावर तो बरोब्बर मधोमध झोपला होता. एक मागचा पाय ढिगाबाहेर लोंबत होता आणि जिभेचं गुलाबी टोक ओठांतून बाहेर राहिलं होतं. मी घाईत “मस्त!” लिहून पाठवलं. मावशीकडून अंगठा आला आणि संभाषण तिथेच संपलं. मला ते खटकलं. रात्री मी फोटो परत उघडला आणि लिहिलं, “मावशी, जीभ आत घ्यायची राहूनच गेली की गं त्याची! आणि तो पाय बघ, ढिगाबाहेर सोडून दिलाय. इतकी गाढ झोप मला कधी लागणार!”

दोन मिनिटांत तिचा आवाजातला निरोप आला. हसत हसत ती सांगत होती की तो तासभर तसाच पडला होता, तिने खालचा टॉवेल हळूच ओढून काढला तरी उठला नाही, फक्त कान हलवला. ही गोष्ट तिला मघापासून कुणाला तरी सांगायची होती. “मस्त” या शब्दात तिला ती सांगायला जागाच नव्हती. जिभेचं नाव काढल्यावर ती मिळाली.

मांजराच्या फोटोत पाहण्यासारखं काय असतं? मला तर सगळी मांजरं सारखीच दिसतात.

बसण्यापासून सुरुवात करा. चारही पंजे अंगाखाली दुमडून, एखाद्या गाठोड्यासारखं बसलेलं मांजर निवांत असतं, कारण पटकन उठून पळायची तयारी त्या बैठकीत नसते. पाठ टेकून, पोट वर करून झोपलेलं मांजर तर फारच निर्धास्त असतं. पोट हा त्याच्या अंगाचा सगळ्यात नाजूक भाग, तो उघडा टाकून झोपायचं म्हणजे त्या घरावर त्याचा पूर्ण विश्वास हवा. “पोट उघडं टाकून झोपलंय, म्हणजे घर त्याचंच झालं म्हणायचं” असं लिहिलंत तर तुम्ही नुसतं कौतुक करत नाही, खरी गोष्टही सांगता. (पोट दाखवलं म्हणजे पोटाला हात लावू दिला असं मात्र नव्हे. मांजर पाळणाऱ्यांच्या मनगटांवर याचा पुरावा असतो.)

मग डोळे. अर्धवट मिटलेले, पेंगुळलेले डोळे दिसले तर त्यांचा उल्लेख जरूर करा. मांजरं सैलावली की डोळे बारीक करतात आणि सावकाश उघडझाप करतात. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं. माणसाने मांजराकडे पाहत सावकाश डोळे मिटले की मांजरंही तसेच डोळे बारीक करताना जास्त वेळा दिसली. अनोळखी माणसाने तसं केल्यावर त्याने पुढे केलेल्या हाताजवळ यायलाही ती अधिक राजी होती. तेव्हा फोटोतलं मांजर कॅमेऱ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहत असेल, तर ते बहुधा फोटो काढणाऱ्या माणसाकडे पाहून निवांत झालेलं असतं. हे त्या माणसाला सांगून पाहा. मी एका मैत्रिणीला सांगितलं, “हे डोळे तुझ्यासाठी आहेत, कॅमेऱ्यासाठी नाहीत,” तर तिने तो फोटो फोनच्या पडद्यावर लावून टाकला.

बाकीच्या गोष्टी लहान असतात, पण त्यांतच मजा असते: पुढच्या दोन पायांना पांढरे मोजे आणि मागच्यांना नाहीत, नाकावर एक काळा ठिपका, पंजांभोवती नीट गुंडाळून घेतलेली शेपूट, मिशांना लागलेलं जाळं. पिल्लाचा फोटो असेल आणि डोळे निळे असतील तर तेही आवर्जून म्हणा, कारण बहुतेक पिल्लांचा हा निळा रंग थोड्या दिवसांचा असतो. सहा-सात आठवड्यांची झाली की तो पालटायला लागतो आणि पिवळा, हिरवा किंवा तपकिरी होतो. तो निळा रंग पाठवणाऱ्यालाही पुन्हा दिसायचा नाही.

आणि कुत्र्याच्या फोटोत?

कुत्रा चेहऱ्याने जास्त बोलतो, म्हणून तिथे काम सोपं. पुढचे पाय जमिनीला टेकवून, छाती खाली आणि मागचा भाग वर, असा वाकलेला कुत्रा खेळायला बोलावत असतो. “चल, ये ना!” हे तुम्ही त्याच्या वतीने लिहून टाकू शकता.

भुवया उचलून केविलवाणं पाहणारा कुत्रा तर अनेक फोटोंत असतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरची भुवई वर ओढणारा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला विकसित झालेला असतो आणि लांडग्यांमध्ये जवळपास नसतोच, असं २०१९ मधल्या एका शरीररचनेच्या अभ्यासात दिसलं. माणसाच्या सहवासात हजारो वर्षं राहून आलेली ही नजर आहे. तिला बळी पडल्याचं मोकळेपणाने कबूल करा: “या नजरेपुढे मी पाच सेकंदही टिकले नसते.”

तोंड सैल उघडं, जीभ बाहेर, कान सहज पडलेले, अशा फोटोला लोक “हसतोय” म्हणतात आणि तसं म्हणायला माझी काही हरकत नाही. कुत्रा तेव्हा बहुधा खुशीत असतो. पण मान एका बाजूला वळवलेली, तोंड घट्ट मिटलेलं आणि डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतोय, असा फोटो असेल, विशेषतः गळ्यात कुणाचे हात पडलेले असतील, तर तो कुत्रा अवघडलेला असतो. तिथे “किती खूश आहे!” लिहू नका, ते खरं होणार नाही. त्याच फोटोतलं दुसरं काहीतरी घ्या. त्याचे कान घ्या, त्याच्या गळ्यातला लाल पट्टा घ्या.

तो म्हणू, ती म्हणू की ते? चुकलं तर वाईट वाटेल ना?

मराठीत ही अडचण खरीच आहे, कारण क्रियापदही बदलतं. नाव माहीत नसेल तर मांजर, पिल्लू, कुत्रं हे नपुंसकलिंगी शब्द मदतीला येतात. “काय गोड बसलंय!” या वाक्यात कुणाचंच लिंग चुकत नाही आणि शिवाय त्यात लाडही येतो. आपण आपल्या बाळांनाही असंच म्हणतो.

मांजराच्या अंगावर काळा, केशरी आणि पांढरा असे तीनही रंग असतील तर “ती” म्हणायला हरकत नाही. केशरी रंग ठरवणारा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. केशरी आणि काळा दोन्ही रंग एकाच अंगावर यायला सहसा दोन एक्स लागतात आणि ते मादीकडे असतात. तिरंगी बोका असतो, पण अगदी क्वचित. उलट पूर्ण केशरी मांजरांमध्ये बोक्यांची संख्या बरीच जास्त असते, तरी तिथे खात्री धरू नका, केशरी माद्याही भरपूर असतात.

आणि चुकलंच, तर समोरून “अहो, ती मुलगी आहे” असं येईल. “अरे वा, मग तर राणीसारखीच बसलीये!” असं म्हणून पुढे जा. चुकीबद्दल लांबलचक माफी मागू नका, नाहीतर फोटो बाजूला राहतो आणि तेच समजावत बसायची पाळी पाठवणाऱ्यावर येते.

नुसतं इमोजी पाठवलं तर चालतं का?

रोज बोलणं असलेल्या माणसाला चालतं. वर्षातून एकदा निरोप पाठवणाऱ्या काकांनी कुत्र्याचा फोटो पाठवला असेल, तर एक वाक्य लिहा.

फोटो पाहून मला सल्ला द्यावासा वाटतो. वजन वाढलंय, नखं वाढलीयेत. सांगू की नको?

नको. त्यांनी विचारलेलं नाही. शिवाय एका फोटोवरून वजन कळतंच असं नाही. जवळून आणि वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि अंग आखूड दिसतं, पंजे दुमडून बसलेलं सडपातळ मांजरही गोलमटोल वाटतं, आणि लांब केसांच्या प्राण्याचं खरं अंग केसांखाली किती आहे ते त्याला अंघोळ घालणाऱ्यालाच ठाऊक. वजन पाहायचं तर फासळ्यांवरून हात फिरवून पाहावा लागतो, फोटोवरून बोट फिरवून ते कळत नाही.

मला याचा राग येतो, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. माझ्या ओळखीच्या एका आजीने तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा फोटो घरच्यांना पाठवला होता. खूप दिवसांनी तो स्वतःहून उठून दारात बसला होता, म्हणून. पहिलं उत्तर आलं, “केस किती गळलेत त्याचे, डॉक्टरांना दाखवलं का?” तो गेले दोन महिने डॉक्टरांकडेच जात होता. आजीने त्यानंतर फोटो पाठवणं बंद केलं. “आज दारात बसलाय! कान कसे टवकारलेत बघा आजी” इतकंच पुरलं असतं.

पण फोटोत खरोखर धोका दिसला तर?

तर सांगायचं, लगेच आणि नीट. मात्र धोका कशाला म्हणायचं हे ठरलेलं असू द्या. जे आज, आत्ता प्राण्याला इजा करू शकतं आणि जे पाठवणाऱ्याला बहुधा माहीत नाही, तेवढंच. दोन गोष्टी माझ्या पाहण्यात पुन्हा पुन्हा येतात.

पहिली म्हणजे लिलीची फुलं आणि शेजारी मांजर. फोटो फार सुंदर येतो, आणि म्हणूनच काढला जातो. पण खऱ्या लिली आणि डे-लिली मांजरांना अत्यंत विषारी असतात. पान, पाकळी, परागकण, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अंगावर सांडलेले परागकण मांजर चाटून घेतं, त्यामुळे ते फुलं खात नाही म्हणून भागत नाही. आधी उलट्या, मलूलपणा दिसतो, मग थोडं बरं वाटल्यासारखं होतं, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. उपचार पहिल्या काही तासांत सुरू झाले तरच उपयोग होण्याची शक्यता चांगली असते, म्हणून लक्षणांची वाट पाहायची नसते.

अशा फोटोला मी एकदा असं उत्तर दिलं होतं: “फुलांत काय शोभून दिसतीये ही! एक पटकन सांगते, ही फुलं लिलीची वाटतात आणि ती मांजरांना फार विषारी असतात, परागसुद्धा. आत्ता दुसऱ्या खोलीत ठेव आणि दार लाव. तिने चावलं असेल किंवा अंगाला पराग लागले असतील तर आजच, आत्ताच डॉक्टरांना फोन कर.” कौतुकाचं एक वाक्य, मग कारण, मग काय करायचं. “तुला एवढंही माहीत नाही?” हा सूर कुठेच नको. मैत्रिणीने फुलं बाहेर ठेवली आणि अर्ध्या तासाने मांजराचा दुसरा फोटो पाठवला, रिकाम्या टेबलावर बसलेलं. त्याला मी फक्त पोच दिली. सूचना एकदा देऊन झाली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे दोरा. लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं पिल्लू फोटोत गोडच दिसतं, पण मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. दोरा तोंडात गेला की तो बाहेर टाकणं त्याला कठीण जातं, आतच ओढला जातो आणि आतड्यांत अडकू शकतो. खेळताना समोर माणूस असेल तर काळजी नाही. “खेळून झालं की गुंडा उचलून ठेव हं, दोरा गिळतात” एवढं बास. दोरा तोंडातून किंवा शेपटीखालून लोंबताना दिसला, तर मात्र ओढायचा नाही आणि डॉक्टरांकडे न्यायचं, हे स्पष्ट सांगा.

फ्लॅशमध्ये डोळे हिरवे चमकलेत. हे काही वाईट आहे का?

नाही. मांजर-कुत्र्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे प्रकाश परत फेकणारा थर असतो, अंधुक उजेडात पाहता यावं म्हणून. फ्लॅश त्याच थरावरून परततो. निळ्या डोळ्यांच्या प्राण्यांत चमक बरेचदा लाल दिसते. त्यावर “दोन दिवे लावून बसलाय!” असं खुशाल लिहा.

फोटो तीन दिवसांनी पाहिला. आता उत्तर देणं विचित्र दिसेल का?

अजिबात नाही. प्रश्नाचं उत्तर शिळं होतं, फोटोची पोच होत नाही. “आत्ता पाहिला आणि हसतच सुटले” असं लिहून थेट फोटोकडे या.

उत्तर म्हणून माझ्या कुत्र्याचा फोटो पाठवू का?

पाठवा, पण आधी त्यांच्या फोटोला पोच द्या आणि थोडं थांबा. त्यांच्या फोटोखाली लगेच तुमचा फोटो आला की त्यांचा वर सरकून जातो. त्यांनी “तुझा काय म्हणतोय?” असं विचारलं की मग हवे तेवढे पाठवा.

एक जण रोज फोटो पाठवतात. रोज नवीन काय लिहू?

रोज वाक्य लिहायची गरज नाही. अशा माणसाशी हळूहळू मालिका तयार होते. माझ्या एका शेजारीण काकूंची मांजर रोज वेगळ्या ठिकाणी झोपते. मी फक्त जागेचं नाव लिहिते. “आज कपाटावर!” “आज बुटांच्या खोक्यात, तेही अर्धीच मावलीये.” काकू आता फोटो पाठवताना विचारतात, ओळख पाहू कुठे आहे. एखाद्या दिवशी वेळ नसेल तर हृदयाचं चिन्ह पुरतं, कारण बाकीच्या दिवशी मी खरंच पाहते हे त्यांना ठाऊक असतं.

फोटो जुना निघाला आणि प्राणी आता हयात नाही. मी तर “किती गोड, कसा आहे आता?” विचारून बसले.

म्हणूनच पोच देताना प्रश्न कमी ठेवावेत. पण झालं ते झालं. “मला माहीत नव्हतं गं. पण हा फोटो मला दाखवलास ते फार बरं वाटलं. तो वाकडा कान बघ ना त्याचा.” असं फोटोकडेच परत या. गेलेल्या प्राण्याचा फोटो पाठवणाऱ्यालाही बहुतेकदा तो प्राणी दाखवायचाच असतो, सांत्वनाची वाक्यं नको असतात. त्याचं नाव विचारायला मात्र हरकत नाही. नाव उच्चारायला मिळणं त्यांना आवडतं.

मला कुत्र्यांची भीती वाटते. खोटं कौतुक कसं करू?

खोटं करू नका. भीती कुत्र्याची आहे, पाठवणाऱ्या माणसाच्या आनंदाची नाही. “तुमच्या मांडीवर कसा विसावलाय!” हे तुम्ही पाहिलेलं असतं आणि ते खरं असतं.

पोच दिल्यावर किती वेळ बोलत राहायचं?

त्यांनी पुढे काही सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर ते तिथेच राहू द्या. मावशीचा तो बोका त्या रात्री कपड्यांच्या ढिगावरून उठला की नाही, हे मी विचारलं नाही. सकाळी फोटो आला होता, त्याच ढिगावर, कूस तेवढी बदललेली. जीभ आत होती. मी लिहिलं, “आत घेतली!”